व्हँकोमायसिनचा डोस आणि रक्तातील पातळी : नमुन्याची वेळ, एयूसीचा हिशोब आणि नेहमी होणाऱ्या चुका

दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर 'व्हँको लेव्हल १८' असे लिहिलेले असते, पण तो नमुना किती वाजता घेतला, त्याआधीचा डोस किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला, हे बहुतेक वेळा कुठेही सापडत नाही. अशा आकड्यावरून डोस वाढवावा, कमी करावा की तसाच ठेवावा, हे कोणालाही सांगता येणार नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधील ज्या रुग्णालयांना ही तपासणी जागेवर करता येत नाही आणि नमुना कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवावा लागतो, तेथे तर दोन दिवसांची वाट आणि रुग्णाचा खर्च यांच्या बदल्यात हाती फक्त एक निरुपयोगी आकडा येतो.

हा लेख प्रौढ रुग्णांसाठी आहे. रक्तात एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, सापडलेला किंवा त्याची दाट शंका असलेला, आणि मूत्रपिंडाचे काम स्थिर असलेला रुग्ण येथे गृहीत धरला आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि डायलिसिसवरील रुग्ण यांचे नियम वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. पुढचा डोस देण्यापूर्वीची सर्वांत कमी पातळी, म्हणजे ट्रफ, १५ ते २० मिग्रॅ प्रति लिटर ठेवावी, असे आपल्यापैकी बहुतेकांनी शिकलेले आहे. २०२० साली अमेरिकेतील औषधनिर्माण आणि संसर्गरोग संस्थांनी मिळून सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि गंभीर एमआरएसए संसर्गात केवळ ट्रफवर अवलंबून राहू नये, असे त्यांत सांगितले. त्याऐवजी चोवीस तासांत जंतूंवर औषधाचा एकूण किती मारा झाला, ते मोजायचे असते. या मापाला एयूसी, म्हणजे पातळी आणि वेळ यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ, म्हणतात आणि ते ४०० ते ६०० मिग्रॅ-तास प्रति लिटर या मर्यादेत ठेवायचे असते. ओहोटीची खूण पाहून भरती कुठवर आली होती ते कळत नाही, तसेच केवळ ट्रफवरून दिवसभराचा मारा कळत नाही : १८ ट्रफ असलेल्या एका रुग्णाचा एयूसी ५५० असू शकतो आणि दुसऱ्याचा ६५० च्या पुढे. ६०० च्या वर गेल्यास फायदा वाढत नाही, मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका मात्र वाढत जातो.

पुढील सर्व टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. जांभ्याच्या खाणीत काम करणारा ५४ वर्षांचा पुरुष, वजन ६० किलो, पायाच्या जखमेतून संसर्ग होऊन थंडीताप आणि रक्तदाब कमी अशा अवस्थेत संध्याकाळी दाखल झाला आहे. सिरम क्रिएटिनिन १.० मिग्रॅ प्रति डेसिलिटर आहे आणि लघवी नीट होत आहे.

टप्पा १ : पहिल्या डोसपूर्वीची तयारी

पहिले काम ब्लड कल्चरचे आहे. दोन वेगवेगळ्या शिरांतून दोन संच घ्यावेत आणि ते औषध सुरू होण्यापूर्वी घ्यावेत. रुग्णाची अवस्था बिकट असेल तर कल्चरसाठी औषध तासन्‌तास लांबवू नये. परंतु दोन्ही हातांतून रक्त काढायला जी काही मिनिटे लागतात, ती मिळतातच.

दुसरे काम वजनाचे आहे. नातेवाइकांनी सांगितलेले किंवा अंदाजाने लिहिलेले वजन चालणार नाही, कारण पुढचा प्रत्येक हिशोब त्यावर उभा आहे. रुग्ण उभा राहू शकत नसेल तर नातेवाइकाने त्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि नंतर नातेवाइकाचे वजन वजा करावे. स्ट्रेचरसह वजन करून रिकाम्या स्ट्रेचरचे वजन वजा केले, तरीही चालते.

तिसरे काम क्रिएटिनिनचे. त्यावरून क्रिएटिनिन क्लिअरन्स काढावा. आपल्या रुग्णासाठी (१४० − ५४) × ६० ÷ (७२ × १.०), म्हणजे मिनिटाला सुमारे ७२ मिली येतो. स्त्री रुग्ण असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणावे.

याच वेळी रुग्णाला याआधी काय काय दिले गेले, ते विचारून लिहावे. तापासाठी गावात दिलेली डायक्लोफिनॅकची इंजेक्शने, जेंटामायसिन किंवा अमिकासिन, आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ही आपल्याकडे वारंवार आढळणारी औषधे आहेत. पहिली दोन मूत्रपिंडाला थेट इजा करू शकतात आणि तिसऱ्याच्या जोडीने व्हँकोमायसिन दिल्यास क्रिएटिनिन वाढण्याचे प्रमाण जास्त दिसते. ज्याची खरोखर गरज नाही, ते आजच बंद करावे.

*तपासा : कल्चर घेतले का? वजन मोजले का? क्रिएटिनिन आजचे आहे का?*

टप्पा २ : लोडिंग डोस

गंभीर रुग्णाला पहिला डोस प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोस २० ते ३५ मिग्रॅ द्यावा आणि एकूण ३००० मिग्रॅच्या वर जाऊ नये. आपल्या रुग्णासाठी किलोला २५ मिग्रॅ घेतले तर १५०० मिग्रॅ होतात.

येथे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे क्रिएटिनिन वाढलेले दिसताच लोडिंग डोस कापणे. पहिला डोस शरीरातील पाणी आणि ऊती भरण्यासाठी असतो. औषध मूत्रपिंडातून किती वेगाने बाहेर जाते, याचा त्या भरण्याशी संबंध नसतो. मूत्रपिंड मंद असेल तर पुढचे डोस कमी करावेत किंवा लांबवावेत, पहिला डोस पूर्ण द्यावा. तो कापला गेला, तर जंतूंची संख्या सर्वाधिक असलेला पहिला दिवस अपुऱ्या औषधावर जातो.

सावधानता : तोंडाने दिलेले व्हँकोमायसिन आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही. रक्तातील किंवा हाडातील संसर्गासाठी कॅप्सूल देऊन उपयोग नाही, मग शीर मिळणे कितीही अवघड असो.

टप्पा ३ : मिश्रण आणि वेग

५०० मिग्रॅच्या व्हायलमध्ये १० मिली इंजेक्शनचे पाणी घालून औषध पूर्ण विरघळू द्यावे. नंतर ते नॉर्मल सलाईनमध्ये किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये इतके पातळ करावे, की एका मिलिलिटरमध्ये ५ मिग्रॅपेक्षा जास्त औषध राहणार नाही. वॉर्डात १०० मिलीची बाटली हाताशी असते म्हणून त्यात पूर्ण एक ग्रॅम घातला जातो. त्याने तीव्रता मर्यादेच्या जवळपास दुप्पट होते आणि हाताची शीर सुजते. सोपी पद्धत अशी, की १०० मिलीच्या प्रत्येक बाटलीत ५०० मिग्रॅच घालावे आणि बाटल्या एकामागून एक लावाव्यात.

वेग मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा जास्त असू नये. म्हणजे ५०० मिग्रॅला किमान ५० मिनिटे लागतात. हिशोबाला आणि देखरेखीला सोपे जावे म्हणून एका बाटलीला एक तास ठेवावा. इन्फ्युजन पंप नसल्यास मिलीला २० थेंब देणाऱ्या सेटवर मिनिटाला सुमारे ३७ थेंब ठेवावेत. सेटच्या पाकिटावर थेंबांची संख्या छापलेली असते. ती वेगळी असेल तर त्या प्रमाणात बदल करावा.

आपल्या रुग्णाच्या तीन बाटल्या रात्री ८ ला सुरू होऊन ११ ला संपतील. प्रत्येक बाटली सुरू झाल्याची आणि संपल्याची खरी वेळ चार्टवर लिहावी. पहिली बाटली संपून दुसरी लावायला वीस मिनिटे गेली असतील, तर तेही लिहावे.

औषध चालू असताना चेहरा, मान आणि छाती लाल होऊन खाज सुटली, तर बहुधा औषध वेगाने गेले आहे. अशा वेळी सलाईन थांबवावी, रक्तदाब पाहावा, अँटीहिस्टामिन द्यावे आणि लक्षणे शमल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करावे. याची नोंद 'व्हँकोमायसिनची ॲलर्जी' अशी करू नये, कारण त्या दोन शब्दांमुळे पुढे कधी तरी या रुग्णाला आवश्यक औषध नाकारले जाईल. मात्र घशात सूज आली, श्वासात घरघर ऐकू आली किंवा रुग्ण कोसळला, तर ती तीव्र ॲलर्जी समजून औषध कायमचे थांबवावे आणि ताबडतोब ॲड्रिनलिन द्यावे.

त्याच नळीतून सेफ्ट्रियाक्सोन किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम देऊ नये. देणे भाग असल्यास मध्ये सलाईनने नळी धुऊन घ्यावी. ही औषधे एकत्र आल्यास नळीत साका धरू शकतो.

टप्पा ४ : नियमित डोस

मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढात सुरुवात दर किलोस १५ ते २० मिग्रॅ, दर ८ ते १२ तासांनी अशी करतात. आपल्या रुग्णाला दर १२ तासांनी १००० मिग्रॅ ठरवले, म्हणजे किलोला सुमारे १७ मिग्रॅ. सकाळी ८ आणि रात्री ८ या वेळा ठेवल्या आणि प्रत्येक डोस दोन बाटल्यांत दोन तास चालवला.

हा केवळ सुरुवातीचा अंदाज आहे. तो या रुग्णाला लागू पडला की नाही, हे रक्तातील पातळीच सांगेल, आणि ही मोजणी पहिल्या २४ ते ४८ तासांतच करायची असते. पाचव्या-सहाव्या दिवशी पातळी मागवण्याची सवय आपल्याकडे आहे. तोपर्यंत डोस कमी असेल तर संसर्ग पसरलेला असतो आणि जास्त असेल तर क्रिएटिनिन चढू लागलेले असते.

टप्पा ५ : दोन नमुने घेणे

एकाच डोसनंतर दोन नमुने घ्यायचे असतात. पहिला, औषध संपल्यावर एक ते दोन तासांनी. दुसरा, पुढचा डोस सुरू होण्याच्या अर्धा तास आधी. आपल्या रुग्णात दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या सकाळी ८ ते १० या वेळेत तिसरा नियमित डोस गेला. पहिला नमुना ११.३० ला आणि दुसरा संध्याकाळी ७.३० ला घेतला. दोहोंमध्ये आठ तासांचे अंतर पडले. अंतर जितके जास्त, तितका हिशोब भरवशाचा होतो. दोन-तीन तासांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांत प्रयोगशाळेची लहानशी चूकही उत्तर बिघडवते.

पहिला नमुना औषध संपताच का घेऊ नये? कारण त्या वेळी औषध रक्तातून ऊतींमध्ये शिरत असते आणि पातळी झपाट्याने उतरत असते. तो उतार मूत्रपिंडाचा समजून हिशोब केला, तर औषध खरे आहे त्यापेक्षा वेगाने बाहेर जाते, असे भासते.

ज्या हातातून औषध चालू आहे किंवा नुकतेच गेले आहे, त्या हातातून नमुना घेऊ नये, आणि ज्या सेंट्रल लाईनमधून औषध दिले, तिच्यातून तर मुळीच घेऊ नये. नळीत राहिलेले औषध नमुन्यात मिसळले, की पातळी अचानक ६० किंवा ८० येते. रुग्णाला काहीही त्रास नसताना असा आकडा आला, तर डोस बंद करण्यापूर्वी नमुना कोठून घेतला, हे विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. रक्त ठरलेल्या वेळी घ्यायला जमले नाही, म्हणून नमुना वाया जात नाही. सिस्टर दुसऱ्या रुग्णात अडकल्या आणि ७.३० चा नमुना ६.१० ला किंवा ७.५० ला घेतला गेला, तरी चालेल. अट एवढीच, की ६.१० हीच वेळ लिहिली जावी. हिशोबाला ठरवलेली वेळ लागत नाही, घडलेली वेळ लागते. नमुना वाया जातो तो चार्टवर आधीच छापलेली '७.३०' ही वेळ तशीच राहू दिल्याने. पुढचा डोस सुरू झाल्यावर घेतलेला नमुना मात्र या हिशोबात बसत नाही, म्हणून त्या संध्याकाळी रक्त काढून झाल्याशिवाय रात्री ८ ची बाटली लावू नये, अशी स्पष्ट सूचना चार्टवर लिहून ठेवावी.

मागणीपत्रावर पाच गोष्टी हव्यात : डोस किती मिग्रॅ, तो सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, पहिल्या नमुन्याची वेळ आणि दुसऱ्याची वेळ. दोन्ही नळ्यांवर वेळ वेगवेगळी लिहावी. '१' आणि '२' एवढेच लिहिलेल्या नळ्यांची अदलाबदल झाली, तर ती शेवटपर्यंत कळत नाही.

टप्पा ६ : नमुना पाठवणे

कोणती नळी वापरावी, हे ज्या लॅबकडे नमुना जाणार आहे, तिलाच आधी फोन करून विचारावे. रक्त गोठल्यावर आपल्याकडेच सेंट्रिफ्यूज करून सिरम वेगळे काढावे आणि थंड ठेवून पाठवावे. न वेगळे केलेले रक्त बर्फाला चिकटून गोठले, तर पेशी फुटतात. ब्लड कल्चरच्या बाटल्या मात्र थंड करायच्या नसतात, त्या सामान्य तापमानालाच न्याव्यात. एकाच माणसाच्या हाती दोन्ही नमुने दिले, की तो सर्व काही एकाच बर्फाच्या डब्यात भरतो, हे अनेक ठिकाणी घडते. म्हणून दोन वेगळ्या पिशव्या द्याव्यात आणि कल्चरच्या पिशवीवर 'बर्फात ठेवू नये' असे मोठ्या अक्षरांत लिहावे.

पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो, तेव्हा नमुना पोहोचायला आणखी एक दिवस जातो. ही शक्यता धरून मोजणी लवकर करावी. अहवाल येईपर्यंत क्रिएटिनिन आणि लघवीचे प्रमाण स्थिर असेल, तर ठरलेले डोस चालू ठेवावेत. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ किंवा त्याहून अधिक वाढले किंवा आधीच्या दीडपट झाले, तर अहवालाची वाट न पाहता पुढचा डोस रोखून टप्पा ९ प्रमाणे वागावे.

टप्पा ७ : एयूसीचा हिशोब

आपल्या रुग्णाचा अहवाल आला : ११.३० ची पातळी ३४ आणि संध्याकाळी ७.३० ची १९. काही अहवालांत एकक मायक्रोग्रॅम प्रति मिली असे असते. ते आणि मिग्रॅ प्रति लिटर एकच आहेत.

आधी औषध कोणत्या वेगाने उतरते, ते काढायचे. मग त्या वेगाने मागे जाऊन औषध संपल्याच्या क्षणाची, म्हणजे १० ची पातळी काढायची आणि पुढे जाऊन पुढच्या डोसच्या क्षणाची, म्हणजे ८ ची. त्यानंतर औषध चालू असतानाचे दोन तास आणि उरलेले दहा तास यांचे क्षेत्रफळ वेगवेगळे काढून बेरीज करायची.

```
ke   = ln(34 / 19) / 8           = 0.0727
Cmax = 34 × e^(0.0727 × 1.5)     = 37.9
Cmin = 19 × e^(-0.0727 × 0.5)    = 18.3
A1   = (37.9 + 18.3) / 2 × 2     = 56.2
A2   = (37.9 - 18.3) / 0.0727    = 269.6
AUC24 = (56.2 + 269.6) × 24 / 12 = 652
```

यातील १.५ म्हणजे १० ते ११.३० हे दीड तास, आणि ०.५ म्हणजे ७.३० ते ८ हा अर्धा तास. A1 च्या ओळीतील शेवटचा २ म्हणजे औषध चालवलेले दोन तास. शेवटी २४ ला १२ ने भागले, कारण दिवसात १२ तासांचे दोन डोस आहेत.

मोबाईल आडवा धरला, की बहुतेक फोनमध्ये `ln` चे बटण दिसते. त्याच्या शेजारीच `log` असते आणि घाईत तेच दाबले जाते. तसे झाल्यास येथे एयूसी ११०० च्या वर येईल आणि रुग्णाला विषबाधा झाल्यासारखे वाटेल.

*उत्तर तपासा :* दिवसाच्या एकूण डोसला एयूसीने भागा. २००० ÷ ६५२ म्हणजे तासाला ३.०७ लिटर, अर्थात मिनिटाला सुमारे ५१ मिली. व्हँकोमायसिन बाहेर टाकण्याचा हा वेग साधारणपणे क्रिएटिनिन क्लिअरन्सच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो; आपल्या रुग्णात ७२ च्या तुलनेत ५१ हे पटण्यासारखे आहे. हा आकडा क्रिएटिनिन क्लिअरन्सच्या दुप्पट किंवा पाव आला असता, तर आधी वेळांच्या नोंदी आणि नळ्यांची अदलाबदल तपासावी लागली असती, डोस बदलणे नंतरचे.

टप्पा ८ : डोस बदलणे

जुन्या सवयीने पाहिले असते, तर १८.३ ट्रफ १५ ते २० मध्ये बसतो म्हणून केसपेपरवर 'योग्य' असे लिहून हाच डोस दोन आठवडे चालला असता. प्रत्यक्षात एयूसी ६५२ आहे, म्हणजे डोस जास्त आहे.

मूत्रपिंडाचे काम स्थिर असताना डोस ज्या प्रमाणात बदलाल, एयूसी त्याच प्रमाणात बदलतो. दिवसाला २००० ऐवजी १५०० मिग्रॅ दिले, तर ६५२ चा तीन-चतुर्थांश, म्हणजे सुमारे ४९० होईल. म्हणून डोस दर १२ तासांनी ७५० मिग्रॅ करावा. दोन तासांचा कालावधी तसाच ठेवावा. डोसांमधील अंतर बदलण्याची येथे गरज नाही, आणि डोस व अंतर दोन्ही एकदम बदलल्यास पुढच्या पातळीचा अर्थ लावणे विनाकारण अवघड होते.

नव्या डोसवर ट्रफ सुमारे १३.७ येईल. केसपेपरवर हे आजच लिहून ठेवावे, कारण दोन दिवसांनी ड्युटीवर येणारे डॉक्टर १३.७ पाहून 'ट्रफ कमी आहे' असे समजतील आणि डोस पुन्हा एक ग्रॅम करतील. नोंद अशी असावी : 'एयूसीनुसार डोस ठरवला आहे, अपेक्षित एयूसी ४९०, अपेक्षित ट्रफ १३ ते १४, त्यावरून डोस वाढवू नये.' माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत उपयोगी ओळ हीच आहे.

बदललेल्या डोसवर एक-दोन दिवसांनी पुन्हा दोन नमुने घ्यावेत. रुग्ण स्थिर असेल तर त्यानंतर आठवड्यातून एकदा पुरते. क्रिएटिनिन पहिल्या आठवड्यात दररोज किंवा एक दिवसाआड पाहावे. उपचार दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालणार असतील, तर पांढऱ्या पेशींची संख्याही आठवड्याला एकदा मोजावी, कारण लांबलेल्या उपचारांत ती घटू शकते.

टप्पा ९ : मूत्रपिंडाचे काम हलते असेल तर

वरचे गणित औषध एकाच वेगाने बाहेर जात आहे, असे धरून चालते. लेप्टोचा रुग्ण, फुरसे किंवा घोणस चावल्यानंतर पाय सडलेला रुग्ण, किंवा धक्क्यातून नुकताच सावरलेला रुग्ण यांच्यात ते खरे नसते. क्रिएटिनिन आज १.४ असले, तरी ते चढतीवर असू शकते आणि त्या आकड्यावरून काढलेला क्लिअरन्स प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो.

अशा रुग्णाला पूर्ण लोडिंग डोस द्यावा आणि ठराविक तासांचे वेळापत्रक लिहू नये. सुमारे २४ तासांनी एक पातळी घ्यावी, ती १५ ते २० च्या दरम्यान किंवा त्याखाली आल्यावरच पुढचा डोस द्यावा आणि प्रत्येक डोसचा निर्णय त्या-त्या वेळी वेगळा घ्यावा. जेथे पातळीचा अहवाल एका दिवसात मिळू शकत नाही, तेथे हा रुग्ण ठेवणे धोक्याचे आहे. त्याला लवकर वरच्या रुग्णालयात हलवावे किंवा दुसरे औषध वापरता येईल का, यावर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

टप्पा १० : कल्चरचा अहवाल आल्यावर

अहवालात एमएसएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद देणारा स्टॅफिलोकोकस आला, तर त्याच दिवशी व्हँकोमायसिन थांबवून सेफॅझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन सुरू करावे. या जंतूवर व्हँकोमायसिन त्यांच्यापेक्षा कमी पडते. 'रुग्ण सुधारतो आहे, मग कशाला बदलायचे' हा विचार येथे चुकीचा आहे.

एमआरएसए आला, तर व्हँकोमायसिनची एमआयसी पाहावी. चकतीच्या पद्धतीने दिलेला 'संवेदनशील' हा शेरा स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत ग्राह्य धरू नये. एमआयसीचा आकडा मागून घ्यावा. तो २ पर्यंत असल्यास जंतू संवेदनशील मानतात. ४ किंवा त्याहून अधिक आल्यास व्हँकोमायसिनचा डोस वाढवून काही साधत नाही, औषधच बदलावे लागते.

रक्त जंतुमुक्त होईपर्यंत दर २४ ते ४८ तासांनी कल्चर पुन्हा घ्यावे. उपचारांचे दिवस पहिल्या डोसपासून न मोजता पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजावेत : संसर्ग कोठेही पसरलेला नसेल तर किमान १४ दिवस, हृदयाच्या झडपा, हाडे किंवा मणके यांत गेलेला असेल तर चार ते सहा आठवडे किंवा अधिक. तो पसरला आहे की नाही, हे ठरवण्यासाठी प्रत्येक रुग्णाचा इको करावा.

एयूसी ४०० ते ६०० मध्ये असूनही ताप उतरत नसेल आणि कल्चर पॉझिटिव्हच येत असेल, तर डोस वाढवू नये. पायाच्या जखमेखाली पू साठला आहे का, रुग्ण कंबरदुखी सांगतो आहे का, हृदयात नवा मर्मर ऐकू येतो का, जुनी सेंट्रल लाईन अजून तशीच आहे का, हे पाहावे. साठलेला पू काढल्याशिवाय आणि दूषित नळी बदलल्याशिवाय रक्त जंतुमुक्त होत नाही. रुग्णाला पुढे पाठवायचे ठरल्यास चिठ्ठीसोबत डोस चार्टची प्रत, दोन्ही नमुन्यांच्या खऱ्या वेळा, एयूसीचा हिशोब आणि रोजचे क्रिएटिनिन द्यावे, म्हणजे तेथील डॉक्टरांना पुन्हा पहिल्या नमुन्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.